नळीचं शेवटचं टोक उघडा (ठिबक प्रात्यक्षिक व्हिडिओची संहिता)

दृश्य: मार्चची सकाळ, केळीची बाग. नळीच्या टोकाची झाडं पिवळी पडलेली.

दादा, हे खताच्या कमतरतेनं झालेलं नाही. दुकानदारानं बाटली दिली, ती घातली, तरी पान पिवळंच. टोकापर्यंत पाणीच पोचत नाही. अशा बागा मी दरवर्षी बघतो, आणि एप्रिलच्या उन्हात त्या बसतात.

दृश्य: पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली बाटली. हातात घड्याळ.

ड्रिपर ताशी 4 लिटरचा असेल तर 3 मिनिटांत 200 मिली पाणी पडायला हवं. इथं पहिल्याखाली 195, शेवटच्याखाली फक्त 110. 180 च्या खाली आलं की समजा नळी चोंदतेय. माझा अंदाज सांगतो, पहाटे ओल्या गोलांवरून नजर फिरवली तरी कळतं, टोकाचे गोल लहान दिसतात.

दृश्य: एंड कॅप काढली. तपकिरी गाळ बाहेर.

हे किती दिवसांत उघडलं? मालक म्हणाले, "बसवल्यापासून कधीच नाही." दर 15 दिवसांनी उघडायचं. क्रम असा:

- गाळण्या धुणे
- मेन, मग सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह
- शेवटी नळ्या, एका वेळी 4-5

सगळ्या नळ्या एकदम उघडल्या तर दाब पडतो आणि गाळ आतच राहतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबा.

दृश्य: कापलेला ड्रिपर. पांढऱ्या थरावर आम्लाचा थेंब, फेस.

फेस आला म्हणजे क्षार. हिरवट, बुळबुळीत असेल तर ते शेवाळ, त्याला आम्ल चालत नाही.

क्षारासाठी बादलीत 10 लिटर विहिरीचं पाणी घ्या. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल थोडं थोडं टाकत पीएच पट्टीवर सामू 3 ते 4 दिसेपर्यंत मोजा. इथं 12 मिली लागलं, म्हणजे लिटरला 1.2 मिली. या भागात 3,000 ड्रिपर आहेत, ताशी 12,000 लिटर. आम्ल पोचवायला 15 मिनिटं धरली तर 3,000 लिटर पाणी, म्हणजे 3.6 लिटर आम्ल, व्हेंच्युरीतून.

आम्ल पाण्यात ओता, आम्लात पाणी कधीच नाही. हातमोजे, चष्मा घाला. ब्लीचिंग पावडर यात मिसळली तर विषारी वायू सुटतो. महागड्या 'ड्रिप क्लीनर'चं लेबल आधी वाचा. आत साधं आम्लच असेल तर पैसे कशाला?

दृश्य: पंप बंद. दुसऱ्या दिवशी एंड कॅप उघडून धुणं, पुन्हा बाटली.

24 तास पाणी बंद ठेवून नळ्या धुतल्या. शेवटच्या ड्रिपरखाली आता 185. बाटली तिथेच झाडाला बांधून ठेवली आहे, 15 दिवसांनी परत लावायला.