चलन बदलाची शाब्दिक उदाहरणं: वर्कशीट सोडवताना या चुका टाळा

गुणायचं की भागायचं, इथेच बहुतेक मुलं अडकतात. समजा रेट दिलाय १ डॉलर = ८० रुपये आणि विचारलंय ६००० रुपयांचे किती डॉलर. मूल सरळ गुणतं आणि ४,८०,००० डॉलर लिहून मोकळं होतं! एका डॉलरला ८० रुपये लागतात म्हणजे डॉलरचा आकडा लहानच यायला हवा, मग ६००० ÷ ८० = ७५ डॉलर. काही मुलं आधी १ रुपयाचे डॉलर काढतात, १ ÷ ८० = ०.०१२५, आणि त्याचं ०.०१ करून टाकतात, मग उत्तर ६० येतं. मधल्या पायरीत राउंड करू देऊ नका, शेवटीच करायचं.

येनचं वेगळंच. त्याचा रेट आपल्याकडे १०० येनमागे देतात. १०० येन = ५५ रुपये असेल तर २२०० रुपयांचे येन किती? २२०० ÷ ५५ = ४०, आणि पोरं इथेच थांबतात. पण हे ४० म्हणजे शंभर-शंभर येनचे ४० गट, म्हणून ४० × १०० = ४००० येन.

आता खरं डोकं खाणारं उदाहरण. चलन बदलून देणाऱ्याच्या बोर्डवर डॉलरचा खरेदी दर ८० रुपये, विक्री दर ८२ रुपये. रियाने २०,५०० रुपये देऊन डॉलर घेतले, १९० डॉलर खर्च केले, उरलेले परत विकले, तर तिला किती रुपये मिळाले? मुलं म्हणतात रिया खरेदी करतेय ना, मग खरेदी दर लावा. चूक! बोर्डवरची खरेदी-विक्री चलन बदलून देणाऱ्याची असते, रियाची नाही. ती घेते तेव्हा तो विकतो.

पायरी १: २०,५०० ÷ ८२ = २५० डॉलर
पायरी २: २५० − १९० = ६० डॉलर उरले
पायरी ३: आता तो खरेदी करतोय, ६० × ८० = ४८०० रुपये

दर उलटे लावलेत का ते बघायला एक मस्त चेक आहे, काहीच खर्च न करता लगेच पैसे परत बदलून बघायचे. उलट्या दराने २०,५०० ÷ ८० = २५६.२५ डॉलर, आणि ते परत ८२ ने गुणले की २१,०१२.५० रुपये. बसल्या जागी ५१२.५० रुपयांचा फायदा, असं कोण देईल? बरोबर दराने २५० × ८० = २०,००० येतात, म्हणजे ५०० कमी, आणि ते कमीच यायला हवेत कारण दोन दरांतला फरक हीच त्याची कमाई. वर्कशीटमध्ये एकच रेट दिला असेल तर मात्र हा प्रश्न येत नाही, जाताना-येताना तोच वापरायचा.