कोबीवरच्या फवारण्या आखण्याआधी

हातमोजे, मुखपट्टी आणि मोजपात्र यांबद्दल कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सांगण्याची गरज नाही. फवारणीच्या वहीत मात्र औषधाच्या नावाआधी त्याचा आयरॅक गट क्रमांक, म्हणजे औषध किडीवर कोणत्या पद्धतीने काम करते ते सांगणारा क्रमांक, लिहावा, आणि तो लिहिल्याशिवाय पुढची ओळ लिहू नये. मागच्या हंगामात शिरोळकडच्या एका कोबीच्या प्लॉटवर चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीसाठी मी आधी क्लोरँट्रानिलीप्रोल, मग फ्लुबेंडायमाइड आणि शेवटी सायँट्रानिलीप्रोल वापरले आणि औषधे आलटून-पालटून दिल्याच्या समाधानात राहिलो. नावे तीन होती, पण गट एकच, 28. तिन्ही औषधे अळीच्या स्नायूंतील रायनोडीन ग्राहीवरच काम करतात, त्यामुळे पहिल्या फवारणीतून तगलेल्या अळ्यांचीच निवड पुढच्या दोन्ही वेळी होत राहिली. बाटली, कंपनी आणि किंमत बदलल्याने गट बदलत नाही, क्रमांक पाहा.

लेबलवर क्रमांक सापडला नाही, तर सक्रिय घटकाच्या नावाने आयरॅकच्या वर्गीकरणात शोधावा. मिश्र औषध असेल तर दोन्ही घटकांचे क्रमांक लिहावेत. 1ए आणि 1बी हे उपगट वेगळे दिसले, तरी दोघांचे लक्ष्य ॲसिटाइलकोलिनएस्टरेज हेच असल्याने त्यांची अदलाबदल हा खरा फेरपालट नव्हे.

त्यानंतर कालखंड आखावेत. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची एक पिढी उबदार हवेत साधारण 15 ते 20 दिवसांत पूर्ण होते, म्हणून कालखंडही तेवढाच धरावा. एका कालखंडात लेबलने मुभा दिली असल्यास त्याच गटाची दुसरी फवारणी चालते, मात्र पुढच्या पिढीवर तो गट पुन्हा येता कामा नये. पहिल्या कालखंडात 28, दुसऱ्यात गट 5 मधील स्पिनोसॅड, तिसऱ्यात गट 6 मधील इमामेक्टिन बेंझोएट, असा क्रम ठेवता येतो. शेजारच्या प्लॉटवर काय मारले, तेही विचारावे, कारण पतंग बांध ओलांडतात.

फवारणी फसली म्हणजे प्रतिकारशक्तीच आली, असा निष्कर्ष घाईने काढू नये. कोबीच्या मेणचट पानावरून थेंब घरंगळतात, म्हणून स्टिकर आणि नोझल आधी तपासावे. गट 28 च्या औषधाने अळी काही तासांत खाणे थांबवते, आक्रसते, पण मरायला काही दिवस लागतात. दुसऱ्या दिवशीची मोजणी फसवते. चौथ्या दिवशी ब्रशने स्पर्श करताच अळी झटक्यात मागे सरकत असेल आणि पानावर पारदर्शक खिडक्यांसारखे ताजे खाल्लेले भाग दिसत असतील, तर पाने औषधात बुडवून चाचणी घ्यावी. सोबत नुसत्या पाण्यात बुडवलेली पाने ठेवावीत.

काढणीपूर्व प्रतीक्षा काळ लेबलवरून पाहावा. काढणीनंतर पाला आणि ठोंब शेतात राहू देऊ नयेत. पुढच्या लागवडीचे पहिले औषध ठरवताना वहीतला शेवटचा गट क्रमांक समोर ठेवावा, औषधाचे नाव नव्हे.