‘उत्पादकता वाढली’ म्हणण्याआधी: ग्रोथ अकाउंटिंगमधल्या या चुका टाळा

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या काही युनिट्सचे आकडे एकत्र करायचे, दहा वर्षांच्या वाढीतून यंत्रांचा वाटा वजा करायचा, कामगारांचा वाटा वजा करायचा आणि उरलेल्याला ‘एकूण घटक उत्पादकता’ म्हणायचे. ग्रोथ अकाउंटिंगची पद्धत एवढीच आहे. १९५७ मध्ये अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी ती अमेरिकेच्या आकड्यांवर वापरली तेव्हापासून तिचा गाभा बदललेला नाही:

```
TFP = gY − a·gK − (1−a)·gL
```

`TFP` म्हणजे एकूण घटक उत्पादकतेची वार्षिक वाढ; `gY`, `gK`, `gL` म्हणजे मूल्यवर्धन, भांडवल आणि श्रम यांची वार्षिक वाढ; मूल्यवर्धन म्हणजे विक्रीतून विकत घेतलेल्या मालाचा खर्च वजा जाता उरते ते; `a` म्हणजे उत्पन्नातला भांडवलाचा हिस्सा. गोची अशी, की उत्पादकता कोणी मोजतच नाही, ती उरते. त्यामुळे बाकीच्या तिन्ही आकड्यांतली प्रत्येक चूक गुपचूप त्या उरलेल्यात जाऊन बसते. अर्थतज्ज्ञ मोझेस अब्रामोविट्झ यांनी १९५६ मध्येच या शिल्लकीला ‘आपल्या अज्ञानाचे माप’ म्हटले होते, ते उगाच नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. आकडे कल्पित आहेत, पण चुका नेहमीच्या. २०१३-१४ ते २०२३-२४ या काळात समजा या युनिट्सचे मिळून मूल्यवर्धन ४० कोटींवरून ८० कोटींवर गेले, ताळेबंदातली स्थिर मालमत्ता ५० वरून ९० कोटींवर, कामगार ४०० वरून ४४०. पगार-मजुरी मूल्यवर्धनाच्या ३५ टक्के, म्हणजे `a` ०.६५. वाढ लॉगने काढू (`ln(80/40)/10`), म्हणजे तुकडे नीट बेरजेत बसतात. मूल्यवर्धनाची वाढ ६.९ टक्के, भांडवलाची ५.९, कामगारांची ०.९५. सूत्रात घातले की उत्पादकता वर्षाला २.८ टक्क्यांनी वाढलेली दिसते. सादरीकरणात टाळ्या घेणारा आकडा आहे.

उलाढाल घेऊ नका

वर मूल्यवर्धन घेतले आहे, विक्री नाही. नाशिकमध्ये याला खास कारण आहे. इथली कितीतरी युनिट्स जॉबवर्क करतात: माल गिऱ्हाइकाचा, आपली फक्त मशिनिंगची मजुरी. तेच युनिट उद्या ‘विथ मटेरियल’ काम घेऊ लागले तर लेथ तोच, ऑपरेटर तोच, पार्टही तोच. पण पोलादाची किंमत बिलात आल्याने उलाढाल एका वर्षात काही पटींनी फुगते. विक्रीवर हिशेब केला असेल तर ही सगळी फुगवटी उत्पादकतेच्या खात्यात जाते. संशयाची खूण सोपी आहे: विक्री उसळली आणि विजेची युनिट्स व मजुरी जागच्या जागी असेल, तर आधी बिलिंगची पद्धत बदलली का ते विचारा.

महागाई एकाच बाजूने काढू नका

दहा वर्षांत या मालाच्या किमती समजा ४० टक्क्यांनी वाढल्या. मग ८० कोटींचे खरे मूल्यवर्धन २०१३-१४ च्या किमतींना ५७ कोटी, आणि वाढ ६.९ नव्हे, ३.६ टक्के. इथपर्यंत बहुतेक जण येतात आणि थांबतात. भांडवल तसेच ५.९ ठेवले तर उत्पादकता एकदम उणे ०.६ येते. मघाशी क्रांती होती, आता अधोगती. कारखान्यात मात्र काहीच बदललेले नाही.

खरा गुंता भांडवलाचाच आहे. ताळेबंदातली रक्कम म्हणजे वेगवेगळ्या वर्षांच्या रुपयांची खिचडी. २००५ चा लेथ त्या वेळच्या किमतीत, २०२२ चे व्हीएमसी हे मशिनिंगचे यंत्र २०२२ च्या किमतीत. त्यात काही ताळेबंदांत घसारा प्राप्तिकराच्या दराने, यंत्रांसाठी घटत्या किमतीवर वर्षाला १५ टक्के, लावलेला असतो. त्या दराने दहा लाखांचा लेथ वीस वर्षांनी कागदावर जेमतेम ३९ हजारांचा उरतो. प्रत्यक्षात तो रोज पार्ट काढत असतो. उलट बँकेच्या कर्जासाठी एमआयडीसीच्या प्लॉटचे पुनर्मूल्यांकन केले की एकही नवे यंत्र न येता भांडवल वाढते. भाड्याने घेतलेली यंत्रे अनेकदा ताळेबंदात दिसतच नाहीत, ती वेगळी विचारून घ्यावी लागतात.

उपाय म्हणजे साठा स्वतः बांधणे. पहिल्या वर्षीची यंत्रे त्या वर्षीच्या किमतींना मांडा, दरवर्षीची खरेदी यंत्रसामग्रीच्या घाऊक किंमत निर्देशांकाने त्याच किमतींना आणा, झीज वजा करत पुढे चला:

```
K[t+1] = (1 − d)·K[t] + I[t]
```

`K` म्हणजे साठा, `d` झिजेचा दर, `I` त्या वर्षीची खरेदी. आपल्या उदाहरणात सुरुवात ६० कोटी, दरवर्षी खरी गुंतवणूक ८ कोटी आणि झीज ८ टक्के धरली तर दहा वर्षांनी साठा ८२.६ कोटी होतो. वाढ ३.२ टक्के. आता उत्पादकता १.२ टक्के.

डोकी नव्हे, तास मोजा, मालकाचेही

कामगार दहा टक्क्यांनी वाढले, पण ओव्हरटाइम धरून एकूण तास समजा २० टक्क्यांनी वाढले. हजेरीपटात हे सापडते. श्रमाची वाढ १.८ टक्के होते आणि शिल्लक ०.८५ वर येते.

दुसरी बाजू वजनांची. लहान युनिटमध्ये मालक स्वतः सेटिंग करतो, भाऊ डिस्पॅच बघतो, आणि दोघांची कमाई नफ्यात जाते. पुस्तकातला ३५ टक्के मजुरीचा हिस्सा त्यामुळे खोटा. त्यांच्या श्रमाला सेटर किंवा सुपरवायझरच्या बाजारभावाने पगार लावला आणि हिस्सा ५० टक्के झाला असे धरू. (त्यांचे तास वरच्या बेरजेत धरलेले असले पाहिजेत.) शिल्लक १.०६ होते. ती वाढली, कारण इथे भांडवल श्रमापेक्षा वेगाने वाढले आहे आणि आपण भांडवलाचे वजन कमी केले. श्रम वेगाने वाढला असता तर उलटे झाले असते.

मंदीपासून तेजीपर्यंत मोजू नका

ही चूक सगळ्यात जास्त वेळा होते आणि सगळ्यात कमी पकडली जाते. २०१३-१४ मध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री घटली होती. २०२३-२४ मध्ये ती विक्रमी होती. म्हणजे पहिल्या वर्षी यंत्रे शेडमध्ये होती पण बरीचशी बंद, शेवटच्या वर्षी दुसरी पाळीही भरलेली. साठ्याच्या आकड्याला हा फरक कळत नाही.

तपासायला वीजबिल काढा. जोडभाराच्या प्रत्येक किलोवॅटमागे वर्षाला किती युनिट्स जळली, हे दोन्ही वर्षांचे पाहा. वापर समजा ६० वरून ७२ टक्क्यांवर गेला, तर ती वर्षाला १.८ टक्के वाढ झाली. भांडवलाच्या ५० टक्के वजनाने ०.९. शिल्लक १.०६ वरून ०.१४. जमत असेल तर तेजीचे वर्ष तेजीच्याच वर्षाशी जुळवावे. मग ही दुरुस्ती बरीचशी लागतच नाही.

२.८ वरून आपण ०.१४ वर आलो. पण हा ०.१४ सुद्धा छापण्याआधी झिजेचा दर ८ ऐवजी ६ टक्के करून बघा. साठा ९३.८ कोटींवर जातो, भांडवलाची वाढ ४.५ टक्के होते आणि उत्पादकता उणे ०.५. दोन्ही दर वादात टिकणारे आहेत. तेव्हा अहवालात एकच आकडा न देता ‘उणे ०.५ ते अधिक ०.१४’ असा पट्टा द्यावा, शेजारी झिजेचा दर, मजुरीचा हिस्सा आणि वापराची टक्केवारी लिहावी. या पट्ट्यावरून एवढेच म्हणता येते की वाढीचा जवळपास सगळा भाग जास्त यंत्रे, जास्त तास आणि भरलेल्या पाळ्या यांतून आला.