बायोमेट्रिकआधी अर्ज मागे घेतला, फी परत मिळाली

भाची नाशिकरोडला राहते. यूकेच्या स्टुडंट व्हिसासाठी हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचं शुल्क, भरताना पान अडकलं, तिने पुन्हा भरलं आणि कार्डावरून रक्कम दोनदा कापली गेली. मी आधी तिचा मेल आणि बँकेचं स्टेटमेंट शेजारी ठेवून पाहिलं. दोन्ही व्यवहार पूर्ण झाले होते, म्हणजे एक दुबार. सरचार्ज दोनदा भरला तर दुबार रक्कम पूर्ण परत मिळते.

त्याच आठवड्यात तिच्या कोर्सचा प्रवेश पुढच्या सत्रात ढकलला गेला. तिची मुंबईतली बायोमेट्रिकची अपॉइंटमेंट अजून व्हायची होती, आणि खरी मेख तिथेच आहे. बोटांचे ठसे आणि फोटो देण्याआधी अर्ज मागे घेतला तर व्हिसा फी परत मिळते. ते दिल्यावर, निर्णय व्हायच्या आधी अर्ज मागे घेतला तरी फी जाते, सरचार्ज मात्र परत मिळतो. म्हणून मी तिला म्हटलं, "मुंबईला जाऊ नकोस, आधी हे कर."

तिने `GWF` ने सुरू होणारा अर्ज क्रमांक घेऊन ऑनलाइन अर्ज मागे घेतला आणि पुष्टीचा मेल जपून ठेवला. पैसे ज्या कार्डावरून भरले त्यावरच परत येतात, त्यामुळे ते कार्ड बंद करू नका.