दाताच्या इस्टिमेटचा फोटो मराठीत वाचताना

समजा, राजारामपुरीतल्या एखाद्या दवाखान्यातून आईंना इंग्रजी इस्टिमेट मिळालं: ‘४६ – आरसीटी, पोस्ट अँड कोअर, पीएफएम क्राउन / झिरकोनिया क्राउन, स्केलिंग’. फोटोवरून भाषांतर करणारं अ‍ॅप क्राउनला ‘मुकुट’ म्हणतं आणि ४६ म्हणजे नग समजतं. प्रत्यक्षात ४६ हा दाताचा पत्ता आहे: ४ म्हणजे खालची उजवी बाजू, ६ म्हणजे पुढच्या मध्यरेषेपासून सहावा दात. दुखणारी दाढ तीच ना, हे आधी बोट लावून बघा.

आरसीटी म्हणजे दाताच्या आतली खराब नस काढून पोकळी भरणं. त्यानंतर दाढ ठिसूळ राहते, चावताना चिरू शकते. म्हणून कॅप, म्हणजेच क्राउन, सहसा ऐच्छिक नसते. ऐच्छिक असतो तो प्रकार. पीएफएममध्ये आत धातू आणि वर सिरॅमिक असतं, झिरकोनिया धातूविना आणि बहुधा महाग. दोन्हींच्या रकमा बेरजेत धरल्या असतील तर चूक आहे, कारण बसणार एकच. पोस्ट अँड कोअर म्हणजे दाताच्या मुळात बसवलेली काडी आणि तिच्यावर उभारलेला कॅपचा आधार; तो फक्त हिरडीच्या वरचा दाताचा भाग फारच कमी उरला असेल तर लागतो; ‘किती भाग शिल्लक आहे, एक्स-रेवर दाखवा’ असं विचारायला लाजू नका. स्केलिंग म्हणजे सगळ्या दातांची सफाई. ती या दाढेच्या खर्चात मोडत नाही, वेळ वेगळी ठरवता येते.

फोटोत आणखी एक गंमत होते: ‘३५००/-’ मधली तिरकी रेघ अ‍ॅपला १ वाटते आणि रक्कम ३५००१ होते. आकडे मूळ कागदावरूनच घ्या.