‘पूर’चा ‘पीर’ होतो तेव्हा: स्पेक्ट्रोग्रामवर फॉर्मंट वाचताना या चुका टाळा

इंदूरच्या रामबागेत आमच्या काकांचं घर आहे. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. अशा घरांतले स्वर कसे उच्चारले जातात ते मोजावं म्हणून मी नात्यातल्या मंडळींचे आवाज टिपायला लागलो. स्वरांसाठी पाच शब्द निवडले: पीर, पेर, पार, पोर, पूर. पाचही शब्दांत आधी प आणि नंतर र आहे, बदलतो तो फक्त मधला स्वर. प्रत्येक शब्द ‘मी पूर म्हणतो’ अशा साच्यात पाच-पाच वेळा म्हणवून घेतला. पंखा बंद, कुकर गॅसवरून उतरवलेला, फाइल wav.

मोजायला प्राट वापरतो. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेला हा प्रोग्राम फुकट मिळतो. स्पेक्ट्रोग्राम म्हणजे आवाजाचं चित्र, डावीकडून उजवीकडे वेळ आणि खालून वर कंपनसंख्या. त्यावर जे आडवे काळे पट्टे दिसतात ते फॉर्मंट, म्हणजे तोंडाच्या पोकळीत घुमणाऱ्या कंपनसंख्या. खालून पहिला पट्टा जिभेची उंची सांगतो: जीभ जितकी खाली, तितका हा पट्टा वर. दुसरा पट्टा जीभ पुढे आहे की मागे ते सांगतो: जीभ पुढे गेली की तो वर चढतो, मागे गेली आणि ओठ गोल झाले की खाली येतो. एवढ्यावर मराठीतले बहुतेक स्वर वेगळे काढता येतात.

काकांचे आकडे असे आले. पीर: पहिला फॉर्मंट २९० हर्ट्झ, दुसरा २१८०. पेर: ४१० आणि १९५०. पार: ६९० आणि १२५०. पोर: ४४० आणि ८६०. इथपर्यंत सगळं जागच्या जागी. आणि पूर: ३७२ आणि २२६०.

म्हणजे आलेखावर काकांचा ‘पूर’ थेट ‘पीर’च्या शेजारी जाऊन बसला. कानाला मात्र तो स्वच्छ पूर ऐकू येत होता. पाचपैकी चार वेळा असाच आकडा आल्यामुळे मला तो खराही वाटू लागला, आणि ‘इंदूरच्या मराठीत ऊ पुढे सरकतो’ असं वहीत लिहायच्या बेतात मी होतो. तोच चुकीचा आकडा पुन्हा पुन्हा येऊ शकतो, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

चूक कुठे होती

प्राट पट्टे बघत नाही. तो आवाजावर गणित बसवतो, आणि त्या गणिताला तुम्ही आधीच सांगून ठेवलेलं असतं की अमुक हर्ट्झच्या खाली पाच फॉर्मंट शोध. ही वरची मर्यादा `Formant settings...` मध्ये असते आणि प्रोग्राम उघडल्यावर ती ५५०० असते. ही मर्यादा प्रौढ स्त्रीच्या आवाजासाठी बेतलेली आहे. पुरुषासाठी ती ५००० करावी लागते, लहान मुलासाठी ८००० च्या आसपास.

याचं कारण नळीच्या लांबीत आहे. स्वरयंत्रापासून ओठांपर्यंतची पुरुषाची नळी साधारण साडेसतरा सेंटिमीटर धरली, तर तिचे फॉर्मंट सरासरीने १००० हर्ट्झच्या अंतरावर पडतात: ५००, १५००, २५००, ३५००, ४५००. पाच फॉर्मंट ५००० च्या आत बसले. पंधरा सेंटिमीटरच्या नळीत हेच अंतर सुमारे ११७० होतं आणि पाचवा फॉर्मंट ५२५० ला पडतो, म्हणून तिथे ५५००. आता काकांच्या आवाजाला ५५०० ची मर्यादा लावली, की वरच्या टोकाला सहाव्या फॉर्मंटची कड आत शिरते. गणिताला पाचच जागा दिलेल्या आहेत. मग ते कुठले तरी दोन फॉर्मंट एकत्र करतं, आणि एकमेकांना सगळ्यात जवळ असलेले दोन म्हणजे ‘ऊ’चे पहिला आणि दुसरा. दोघांचा मिळून एक झाला, की तिसऱ्याला दुसरा म्हटलं जातं. ‘पूर’चे २२६० हे असे आले होते.

चित्रात हे कसं ओळखायचं

प्राट आपल्याला सापडलेले फॉर्मंट चित्रावर लाल ठिपक्यांनी दाखवतो. ते ठिपके क्षणभर घालवा आणि नुसतं चित्र बघा. काकांच्या ‘पूर’मध्ये १००० च्या खाली एकच जाड, काळाकुट्ट पट्टा होता आणि २२६० जवळ अगदी फिकट रेघ. ‘पीर’मध्ये तसं नव्हतं. तिथे खाली एक बारीक पट्टा, मग मोठी पांढरी जागा, मग २००० च्या वर चांगला गडद पट्टा. ठिपके परत आणले तर ‘पूर’मध्ये त्यांची ओळ जाड पट्ट्याच्या पोटातून चालली होती. एवढ्या रुंद पट्ट्याला ठिपक्यांची एकच ओळ, इथेच थांबायला हवं होतं.

दुसरी खूण शेजारच्या शब्दात सापडली. काकांच्या ‘पोर’चा तिसरा फॉर्मंट २२८० होता. ‘पूर’चा ‘दुसरा’ त्याच्याशी जवळजवळ जुळतो, म्हणजे तो मुळात तिसराच असणार.

तरी शंका उरली तर स्वराच्या मधला चाळीस-पन्नास मिलिसेकंदांचा तुकडा निवडून Ctrl-L दाबा. त्या तुकड्यातली सगळी हार्मॉनिकं, म्हणजे आवाजाच्या पट्टीच्या पटीतल्या कंपनसंख्या, काट्यांसारखी उभी दिसतात. काकांच्या आवाजाची पट्टी १२० हर्ट्झची, त्यामुळे काटे १२०-१२० वर. २४० आणि ३६० चे काटे उंच, ४८० आणि ६०० चे खाली आलेले, ७२० आणि ८४० चे पुन्हा वर. दोन उंचवटे आणि मध्ये खळगा. म्हणजे फॉर्मंट दोन आहेत.

उपाय म्हणून नुसते ५००० घालून मोकळं होऊ नका. मर्यादा थोडी थोडी बदलत आकडे काय करतात ते बघा. पुरुषाच्या आवाजासाठी मी ही छोटी स्क्रिप्ट चालवतो. `t` म्हणजे स्वराच्या मधली वेळ, सेकंदांत:

```
t = 0.19
for i from 0 to 4
    selectObject: "Sound pur"
    top = 4500 + i * 250
    To Formant (burg): 0, 5, top, 0.025, 50
    f1 = Get value at time: 1, t, "hertz", "linear"
    f2 = Get value at time: 2, t, "hertz", "linear"
    appendInfoLine: top, " ", round (f1), " ", round (f2)
    Remove
endfor
```

काकांच्या ‘पूर’साठी हे आलं:

```
4500 318 742
4750 321 751
5000 324 763
5250 331 790
5500 372 2260
```

चार ओळी एकमेकींना धरून आहेत आणि शेवटची एकदम उडी मारते. मर्यादा बदलली तरी जो आकडा फारसा हलत नाही तो घ्यायचा. ३२४ आणि ७६३ घेतल्यावर काकांचा ‘पूर’ ‘पोर’च्या शेजारी, त्याच्याहून थोडा उंच आणि थोडा मागे, असा बसला. माझ्या कानाने पहिल्यापासून हेच सांगितलं होतं.

याची उलट चूकही होते. कुणी सांगतं म्हणून पाचाऐवजी सहा फॉर्मंट मागितले, किंवा बाईच्या आवाजाला मर्यादा फार कमी ठेवली, की गणिताकडे एक जागा शिल्लक राहते. मग ‘पीर’मधल्या त्या पांढऱ्या जागेत, हजार-दीड हजाराच्या आसपास, एक खोटा फॉर्मंट उगवतो. त्याची बँडविड्थ, म्हणजे रुंदी, विचारून बघा. ती पाचशे हर्ट्झच्या वर आणि चित्रात तिथे काळं काहीच नाही, असं असेल तर तो सोडून द्या.

मधल्या एका ठिपक्यावरून ‘पैसा’ ठरवू नका

ही चूक आमच्याकडे, म्हणजे हिंदीच्या शेजारात, जास्त महागात पडते. मराठी ‘पैसा’मधला ऐ हा अ पासून इ कडे घसरत जाणारा जोडस्वर आहे. हिंदी ‘पैसा’त तो बहुधा एकाच जागी थांबलेला, उघडा ए असतो. मावशीच्या ‘पैसा’चा मी बरोबर मध्यावर आकडा घेतला: ५२० आणि १९००. हा उघड्या ए चा आकडा म्हणून सहज खपतो, आणि ‘मावशीचं मराठी हिंदाळलं’ असा निष्कर्षही लगेच निघतो.

पण घसरत्या स्वराचा मध्य म्हणजे वाटेतला एक टप्पा. म्हणून स्वराची लांबी धरून वीस टक्क्यांवर आणि ऐंशी टक्क्यांवर वाचा. मावशीचा पहिला फॉर्मंट ६४० वरून ४३० वर उतरला आणि दुसरा १५०० वरून २३५० वर चढला. हा सरळ सरळ मराठी ऐ. तीच मावशी दारातल्या भाजीवाल्याशी हिंदीत बोलताना ‘पैसा’ म्हणाली, तेव्हा पहिला ६०० वरून ५७० आणि दुसरा २०५० वरून २१२०, जवळजवळ सपाट. एकाच तोंडात दोन ऐ, भाषेप्रमाणे वेगळे ठेवलेले. हे ऐकून मावशीला नवल वाटलं नाही, मला फार वाटलं.

इथे एक खाचखळगा आहे. प उच्चारून ओठ उघडतात तेव्हा दुसरा फॉर्मंट तसाही खालून वर येतो, मग स्वर सपाट असला तरी. पहिले तीस-चाळीस मिलिसेकंद बघून ‘चढतोय, म्हणजे जोडस्वर’ म्हणाल तर फसाल. खरी साक्ष पहिल्या फॉर्मंटची. ओठ उघडल्यामुळे तोही वर चढतो. जोडस्वरात मात्र तो त्यानंतर खाली उतरत राहतो. शेवटी स साठी जीभ वर जाते तेव्हाही तो थोडा उतरतो, म्हणून ऐंशी टक्क्यांच्या पुढचं वाचायचं नाही.

लहान मुलीचा ‘पीर’

मावशीच्या सात वर्षांच्या नातीचा ‘पीर’ मोजला तर पहिला फॉर्मंट ३१० आला. तिच्या आवाजाची पट्टीही ३१०. हा आकडा फॉर्मंटचा नाही, आवाजाच्या पहिल्या हार्मॉनिकचा आहे. शब्द थोड्या वेगळ्या सुरात म्हणवून घेतला आणि ‘फॉर्मंट’ सुराबरोबर वरखाली झाला, की हे नक्की समजावं.

चित्रही इथे दिशाभूल करतं. `Spectrogram settings...` मध्ये खिडकीची लांबी, म्हणजे एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा तपासायचा ते, ०.००५ सेकंद असते. एवढ्या खिडकीतून २६० हर्ट्झहून जास्त अंतरावरच्या गोष्टी वेगळ्या दिसतात. काकांची १२० वरची हार्मॉनिकं त्यात मिसळून रुंद पट्टे होतात, पण मुलीची ३१० वरची हार्मॉनिकं सुटी राहतात आणि प्रत्येक रेघ फॉर्मंटसारखी दिसते. खिडकी ०.००३ केली की ही मर्यादा ४३० च्या वर जाते, रेघा विरघळतात आणि दुसरा-तिसरा फॉर्मंट नीट दिसू लागतो. पहिला मात्र त्यानेही सापडत नाही. ३१० आणि ६२० यांच्या मध्ये आवाजात ऊर्जाच नसते, मग तिथलं शिखर वाचणार कशावरून? तिला झोपाळल्यासारख्या खालच्या आवाजात म्हणायला लावलं तेव्हा पट्टी २५० पर्यंत आली, तरी नेमका आकडा मिळाला नाही. तिच्या ‘पीर’चा दुसरा फॉर्मंट मी वहीत लिहिला आणि पहिल्याचा रकाना कोरा ठेवला.