मसुद्याचा सारांश नव्याने लिहिताना : ठेलेवाल्याला त्याचा बदल दिसला पाहिजे

हरकती व सूचना मागवण्याच्या जाहीर सूचनेला नव्या नियमांच्या मसुद्याचा एक सारांश जोडलेला असतो. महापालिकेत, एखाद्या संस्थेत किंवा धोरणाच्या अभ्यासात नव्याने आलेल्या माणसाकडे हा कागद हमखास येतो, "जरा सोपा करून द्या" एवढ्याच सांगण्यासह. मग वाक्यं छोटी होतात, 'सदरहू' आणि 'तद्नुषंगाने' गळतात, कागद वाचायला हलका होतो. तरीही वाचणाऱ्याला त्याचं काय बदलणार ते कळत नाही, कारण सारांश अजूनही मसुद्याच्याच क्रमाने चाललेला असतो: उद्देश, व्याख्या, अधिकार, शुल्क, दंड. वाचणारा मात्र आपल्या जागेपासून, आपल्या पावतीपासून सुरुवात करतो.

एक उदाहरण धरून चालू. समजा, नागपुरात पथविक्रेत्यांसाठी नव्या उपविधीचा मसुदा निघाला आहे. मसुदा आणि त्यातले दर इथे काल्पनिक आहेत. पथविक्रेता अधिनियम, 2014 ची कलमं मात्र खरी आहेत. सोबतचा सारांश म्हणतो: "पथविक्री शुल्काच्या रचनेत सुसूत्रता आणणे, संवेदनशील ठिकाणांजवळील विक्रीचे नियमन करणे व पादचाऱ्यांची सोय करणे या हेतूने सदर उपविधी प्रस्तावित आहे." यात खोटं काहीच नाही. पण सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बाईने हे वाचून हरकत कशावर घ्यायची?

मसुदा मागून वाचायला घ्या. आधी अनुसूची, तिच्याखालच्या बारीक टिपा, मग व्याख्या, मग 'परंतु' ने सुरू होणारी परंतुकं, आणि शेवटी अंमलाची तारीख व जुनं काय चालू राहणार हे सांगणारं कलम. खिशावर आणि जागेवर परिणाम करणारी वाक्यं बहुतेक इथेच सापडतात. मधल्या कलमांत अधिकार कोणाचा आणि समिती कोणती हे जास्त असतं, त्यावर फार वेळ घालवू नका.

वाचता वाचता चार रकाने भरत जा: कलम क्रमांक, आज काय आहे, मसुद्यानंतर काय होईल, कोणाला लागू. यातला दुसरा रकाना सगळ्यात जास्त वेळ खातो आणि नवखे तोच रिकामा सोडतात. मसुदा फक्त पुढचं सांगतो. आजचं शोधायला जुना उपविधी, दराचा ठराव आणि बाजारात प्रत्यक्ष फाडली जाणारी पावती, तिन्ही लागतात. ठरावातला दर आणि पावतीवरचा दर जुळत नसेल तर दोन्ही लिहून संबंधित अधिकाऱ्याला विचारा. अंदाजाने एक निवडला तर पुढची सगळी तुलना चुकते.

आता शुल्काचं कलम पाहू. आज समजा ज्या दिवशी बसाल त्या दिवसाची 20 रुपयांची पावती आहे. मसुद्याच्या अनुसूचीत दर आहे प्रति चौरस मीटर प्रतिदिन 8 रुपये. वाचताच दर उतरल्यासारखा वाटतो आणि घाईत लिहिलेल्या सारांशात "शुल्क कमी होणार" असं येऊन बसतं. पण खाली तीन टिपा आहेत: किमान 2 चौरस मीटर धरले जातील, अपूर्णांक पुढच्या पूर्णांकात मोजला जाईल, आणि आकारणी महिन्याच्या 30 दिवसांची होईल, मग ठेला लागो न लागो.

सहा फूट बाय चार फुटांचा ठेला म्हणजे 24 चौरस फूट, साधारण 2.23 चौरस मीटर. टिपेप्रमाणे ते 3 होतात. दिवसाला 24 रुपये, महिन्याला 720. आज हाच माणूस महिन्यात 26 दिवस धंदा करत असेल तर 520 देतो. तीन फूट बाय तीन फूट जागेत रोज बसणारी भाजीवाली 1 चौरस मीटरही व्यापत नाही, पण किमान 2 धरल्याने तिचे 16 रुपये रोज, महिन्याला 480 होतात. ती 26 दिवसांचे 520 देत असेल तर तिचे 40 रुपये वाचतात. आणि फक्त बुधवारी येणारी बाई? ती आज चार बुधवारांचे 80 रुपये देते. मसुदा जसाच्या तसा लागू झाला तर तिलाही 480 पडतील, सहापट.

कलम एकच, पण एकाला वाढ, एकीला थोडी सूट आणि एकीचा बाजारच परवडेनासा. म्हणून गट पाडताना 'पथविक्रेते' हा एक गट धरून चालत नाही. गट कशावरून पाडायचे हे मसुद्यातल्या मोजमापाच्या एककावरूनच ठरतं. आकारणी जागेवर असेल तर जागेचे आकार पाहा, दिवसांवर असेल तर बसण्याचे दिवस, अंतरावर असेल तर ठिकाण. मसुदा ज्या गोष्टीत फरक करतो, आणि ज्या गोष्टीत करायला हवा होता पण करत नाही, त्या दोन्ही ठिकाणी एक गट निघतो. आठवडी विक्रेती दुसऱ्या प्रकारातली: मसुद्यात तिचा उल्लेखच नाही, म्हणून मूळ सारांशातही ती नाही.

व्याख्येचंही असंच. अधिनियमाच्या कलम 5 प्रमाणे विक्रीचं प्रमाणपत्र असलेल्याने धंदा स्वतः किंवा कुटुंबातल्या व्यक्तीमार्फत करायचा असतो. आपल्या मसुद्यात 'कुटुंब' म्हणजे पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेली मुलं, एवढंच आहे. ओळ निरुपद्रवी दिसते. पण इतवारीतल्या कटलरीच्या ठेल्यावर दुपारी सून किंवा भाऊ उभा राहत असेल, तर त्या वेळी तो ठेला नियमाबाहेर जातो. सारांशात व्याख्या उतरवून उपयोग नाही, तिचा परिणाम लिहा: "तुमच्या ठेल्यावर भाऊ, सून, सासू किंवा नोकर बसत असेल, तर या मसुद्यानुसार ते चालणार नाही (कलम 2)."

तिसरी अट समजा अशी: रुग्णालयाच्या प्रवेशद्वारापासून 100 मीटरच्या आत शिजवलेलं अन्न विकता येणार नाही. मेडिकल चौकात पोहे किंवा तर्री विकणाऱ्याला यावर दोन प्रश्न पडतात: फाटक कोणतं धरणार, आणि अंतर सरळ रेषेत मोजणार की रस्त्याने? मसुद्यात उत्तर नसेल तर सारांशकाराने ते बनवू नये. "अंतर कसे मोजायचे हे मसुद्यात दिलेले नाही" असं साधं वाक्य टाका. अधिकाऱ्यांना हे वाक्य आवडत नाही, पण सर्वात कामाच्या हरकती अशाच ठिकाणी येतात. त्यांच्याकडून लेखी खुलासा मिळाला, तर तो मसुद्यातही घ्यायला सांगा. नुसता सारांशात घातलेला खुलासा कायद्याने कोणालाच बांधत नाही.

आता गाळायचं काय ते. उपविधीच्या मसुद्यात मूळ अधिनियमातल्या तरतुदी पुष्कळदा पुन्हा छापलेल्या असतात. प्रमाणपत्रातल्या जागेवरून हलवण्याआधी 30 दिवसांची नोटीस, हे कलम 18 मध्ये आहे. जप्त मालाची यादी द्यायची, मागणी आल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत करायचा, हे कलम 19 मध्ये. सारांशात ही 'नवी सवलत' म्हणून आली तर लोकांची दिशाभूल होते, आणि महापालिका ती बदलू शकेल असं समजून हरकतीही तिथेच खर्ची पडतात. उपविधीने अधिनियम बदलत नाही. म्हणून शेवटी वेगळा परिच्छेद ठेवा, "हे आधीपासून कायद्यात आहे, तसेच राहील", आणि तिथे या गोष्टी दोन ओळींत उरका.

एका गटासाठीचा मजकूर साधारण असा उतरतो:

"तुम्ही फक्त आठवडी बाजारात बसता का? आज: बसाल त्या दिवसाचे 20 रुपये, चार बाजारांचे 80. मसुद्यानुसार: बाजार एक असो की चार, महिन्याला किमान 480 रुपये (अनुसूची 1, टीप 1 व 3). आठवडी विक्रेत्यांसाठी वेगळा दर मसुद्यात नाही. याबद्दल तुमचे म्हणणे असेल तर अमुक तारखेपर्यंत लिहून द्या."

कंसातला क्रमांक कधीही गाळू नका. हरकतीत "अनुसूची 1, टीप 3" आलं की ती नेमक्या कलमापुढे नोंदली जाते. क्रमांक नसलेल्या हरकतींचा "योग्य ती कार्यवाही करावी" असा एकच गठ्ठा होतो. मुदतही नेमक्या तारखेने द्या. "प्रसिद्धीपासून 30 दिवसांत" लिहिलं की राजपत्रातली प्रसिद्धी धरायची की वर्तमानपत्रातली, यावर वाद होतो. केंद्राच्या 2014 च्या कायदापूर्व विचारविनिमय धोरणात किमान 30 दिवस आणि सोप्या भाषेतली टिप्पणी अपेक्षित आहे, पण ते केंद्रीय मंत्रालयांसाठी आहे. आपल्या मसुद्याला मुदत किती, हे त्याच्या सूचनेतूनच घ्यायचं.

सूर तोलणं अवघड जातं. "शिस्त लागेल", "सोय होईल" ही मसुदा काढणाऱ्याची आशा आहे आणि "पोटावर पाय येईल" ही विरोधकाची भीती. सारांशात दोन्ही नकोत. 80 चे 480 होणार हे सांगितल्यावर विशेषणाची गरजही राहत नाही. मसुदा का आणला, ते पहिल्या दोन ओळींत, महापालिकेचं म्हणणं म्हणूनच द्यावं. त्याच कागदावर पादचारी, रहिवासी आणि दुकानदार यांचेही गट असू द्या, नाहीतर बर्डीवरच्या दुकानदाराला आपल्या दारापुढचं काय बदलणार ते कळणार नाही आणि कागद एका बाजूचा वाटेल.

छापण्याआधी प्रत्येक गटातल्या दोघा-तिघांना वाचून दाखवा. नागपुरात बरेच विक्रेते हिंदीत वाचतात, तेव्हा हिंदी मजकूरही तपासा. आकडे आणि कलमं दोन्हीत जुळतात का ते दुसऱ्या माणसाकडून बघून घ्या. "समजलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, "मग तुमचे महिन्याचे किती होतील?" किंवा "उद्या तुमच्या ठेल्यावर भाऊ बसला तर?" उत्तर चुकलं तर वाक्य बदला, माणसाला समजावत बसू नका. कागद बाजारात जाईल तेव्हा समजवायला तुम्ही तिथे नसाल.

सर्वात वर एक ओळ असावी: हा सारांश आहे, फरक आढळल्यास मूळ मसुदा ग्राह्य. त्याखाली मूळ मसुदा कुठे पाहायला मिळेल आणि हरकत कुठे द्यायची, खिडकीच्या नावासकट. हस्तलिखित हरकत चालत असेल तर तसं स्पष्ट लिहा, आणि प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यायला सांगा.